सिन्योरा कार्लांसाठी सहा-सात ओळी

मिलान, तुरिन, बोलोन्या अशा शहरांत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना इटालियन भाषा आधी कामापुरती येते. घरभाड्याचा करार, तिकीटखिडकी, डॉक्टरची वेळ घेणं, एवढं पहिल्या वर्षात जमून जातं. मग एक दिवस जिन्यात कळतं, की खालच्या मजल्यावरच्या बाईंचं ऑपरेशन झालं आणि त्या कालच घरी आल्या. रोज सकाळी त्यांच्याशी ‘ब्वोनजोर्नो’ होतं, कधी त्यांनी आपलं पार्सल ठेवून घेतलेलं असतं, दिवाळीला आपण त्यांना डब्यातून लाडू दिलेले असतात. ओळख आहे, पण घरोबा नाही. अशा वेळी काहीच न करणं बरं दिसत नाही आणि थेट बेल वाजवून आत जाणंही बरं दिसत नाही. इटलीत अशा वेळी एक छोटी चिठ्ठी टाकतात. तिला ते ‘बिल्येत्तो’ म्हणतात. सहा-सात ओळींचंच काम असतं, पण त्या ओळींत इटालियन माणसांची आपुलकी आणि अदब दोन्ही कशा चालतात ते नीट दिसतं, म्हणून ही चिठ्ठी आपण शब्दाशब्दाने लिहून बघू.

उदाहरणासाठी एक शेजारीण कल्पून घेऊ. सत्तरीच्या, निवृत्त, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांना सिन्योरा कार्ला म्हणू. मांडीच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली आहे. इमारत जुनी, लिफ्ट नाही. जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी त्यांच्या जिरेनियमच्या कुंड्या आहेत. आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो.

पहिला प्रश्न हाक कशी मारायची हा. आपल्याकडे शेजारच्या बाई आपोआप काकू किंवा मावशी होतात. वय आणि जवळीक दोन्ही त्या एका शब्दात बसतात. इटालियनमध्ये मावशीला ‘त्सिया’ म्हणतात, पण ती घरच्याच नात्याची किंवा अगदी लहानपणापासूनच्या ओळखीची असावी लागते. शेजारणीला कुणी त्सिया म्हणत नाही. नुसतं ‘कार्ला’ म्हणणं वयाला शोभत नाही आणि आडनावाने ‘सिन्योरा अमुक’ म्हटलं की बँकेचं पत्र आल्यासारखं वाटतं. या दोहोंच्या मधली जागा इटालियन लोकांनी रोजच्या बोलण्यात केव्हाच शोधून ठेवली आहे: ‘सिन्योरा’ आणि पुढे पहिलं नाव. कोपऱ्यावरचा भाजीवाला, औषधाच्या दुकानातली बाई, इमारतीचा रखवालदार हे सगळे ‘सिन्योरा कार्ला’ म्हणतात. मान आहे आणि ओळखही आहे. शेजारी पुरुष असेल तर ‘सिन्योर पाओलो’. एकटा असताना हा शब्द ‘सिन्योरे’ असतो, पण पुढे नाव आलं की शेवटचा ‘ए’ गळतो. हे विसरून ‘सिन्योरे पाओलो’ लिहिलं की परकेपणा लगेच कळतो.

या नावाआधी काय लावायचं? पत्राच्या नमुन्यांच्या पुस्तकात ‘एग्रेजो’ सापडेल. तो सरकारी कागदांतला शब्द आहे, चिठ्ठीत अजिबात नको. ‘जेन्तीले’ हा सभ्य, थोडं अंतर राखणारा शब्द आहे. ज्यांच्याशी फक्त मान डोलावण्यापुरती ओळख आहे त्यांना तो योग्य. ‘कारा’ म्हणजे प्रिय, पुरुषाला ‘कारो’. आपले विद्यार्थी ‘कारा’ लिहायला बिचकतात, फार सलगी होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. ‘कारा सिन्योरा कार्ला’ यात ‘कारा’ने माया येते आणि ‘सिन्योरा’ तिला आवर घालते. लाडू दिले-घेतले असतील तर बिनदिक्कत ‘कारा’ लिहावं. या नावानंतर स्वल्पविराम द्यायचा, ओळ सोडायची आणि पुढची ओळ इटालियनांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे लहान अक्षराने सुरू करायची.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सबंध चिठ्ठी ‘लेई’मध्ये लिहायची. इटालियनमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’ आणि मान द्यायच्या माणसाला ‘लेई’ म्हणतात. ‘लेई’चा मूळ अर्थ ‘ती’. पंधराव्या-सोळाव्या शतकात दरबारी लिहिण्या-बोलण्यात ‘वोस्त्रा सिन्योरिया’, म्हणजे साधारण ‘आपली सरकारस्वारी’, असं म्हणायची पद्धत वाढली. ‘सिन्योरिया’ हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून त्याच्याऐवजी येणारं सर्वनामही ‘ती’. मग समोर पुरुष असो की स्त्री, अदबीने बोलायचं तर क्रियापद तृतीयपुरुषी. मराठी माणसाला हे अवघड वाटू नये, कारण ‘महाराजांनी विश्रांती घ्यावी’ या वाक्यात आपण अगदी हेच करतो: समोरच्याशी बोलतो आणि क्रियापद तिसऱ्या माणसाचं वापरतो.

मुसोलिनीच्या राजवटीने 1938 मध्ये हे ‘लेई’ बंद करून त्या जागी ‘वोई’ म्हणजे ‘तुम्ही’ रुजवायची मोहीम काढली होती. ‘लेई’ बायकी आणि परकं आहे असा त्यांचा दावा होता. ‘लेई’ नावाच्या एका स्त्रियांच्या साप्ताहिकाला तेव्हा नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. राजवट गेली आणि ‘लेई’ पुन्हा जागेवर आलं. दक्षिणेत, विशेषतः नेपल्सच्या बाजूला, वडीलधाऱ्यांना ‘वोई’ म्हणायची चाल आजही ऐकू येते, पण ती तिथली स्वतःची जुनी चाल आहे. बाहेरून आलेल्या माणसाने तिथेही ‘लेई’च लिहावं. त्यात कुणाला काही खटकत नाही.

अडचण येते ती ‘लेई’च्या दोन लहान रूपांत. ‘तुम्हाला काही देतो, तुमच्यासाठी काही इच्छितो’ असं असेल तर ‘ले’. ‘तुम्हाला भेटतो, तुम्हाला पाहतो’ असं असेल तर ‘ला’. म्हणून शुभेच्छा देताना ‘ले औगूरो’ आणि जिन्यात भेटण्याबद्दल लिहिताना ‘इन्कोन्त्रार्ला’. शेजारी पुरुष असला तरी हे ‘ले’ आणि ‘ला’ बदलत नाहीत. पुरुषाला लिहिताना विद्यार्थी हमखास ‘ल्यी औगूरो’ लिहितात, कारण ‘त्याला’ म्हणायचं तर ‘ल्यी’ हे त्यांनी धड्यात शिकलेलं असतं. पण मग वाक्याचा अर्थ ‘मी त्या दुसऱ्याच कुणाला शुभेच्छा देतो’ असा होतो. बदलतात ते फक्त आलेला-आलेली दाखवणारे शब्द: कार्लाबाईंना ‘तोर्नाता’, पाओलोंना ‘तोर्नातो’.

चिठ्ठीत सर्वांत जास्त होणारी चूक मात्र यातली नाही. ती आहे सुरुवात ‘लेई’त करून शेवट ‘तू’त करणं. वर ‘ले औगूरो’ लिहायचं आणि खाली ‘फाम्मी सापेरे’, म्हणजे ‘मला सांग’. मराठीत ‘तुम्ही विश्रांती घ्या आणि काही लागलं तर सांग’ असं कुणी लिहिलं तर कसं वाटेल, तसंच ते वाचणाऱ्याला वाटतं. बरोबर रूप ‘मी फाच्चा सापेरे’. असं का होतं याचं कारण साधं आहे. शुभेच्छेचं वाक्य आपण कुठून तरी बघून लिहितो आणि मदतीचं वाक्य मित्रांशी बोलताना तोंडात बसलेलं असतं. म्हणून चिठ्ठी पूर्ण झाली की एकदा फक्त क्रियापदांवरून बोट फिरवावं. एकही ‘तू’चं रूप राहिलेलं नाही ना, एवढंच बघायचं.

‘लेई’ आणि त्याची रूपं मोठ्या अक्षराने लिहायची का, हाही एक प्रश्न असतो. कार्यालयीन पत्रांत मोठं अक्षर देतात, अगदी शब्दाच्या पोटात आलेल्या ‘ला’लासुद्धा. हाताने लिहिलेल्या शेजारच्या चिठ्ठीत लहान अक्षरं पुरतात, आणि माझ्या मते तीच शोभतात. मात्र एका ओळीत मोठं आणि दुसरीत लहान असं करू नये.

आता पहिलं वाक्य. ते शस्त्रक्रियेपासून सुरू करायची गरज नसते. ‘तुमच्या ऑपरेशनबद्दल कळलं, फार वाईट वाटलं’ असं आपण सहज लिहितो. पण कार्लाबाईंच्या दृष्टीने ऑपरेशन होऊन गेलेलं आहे, त्या घरी आलेल्या आहेत. त्यांच्याकडची ताजी गोष्ट ती आहे. म्हणून: ‘ओ सापूतो के ए तोर्नाता आ काझा ए ने सोनो मोल्तो कोन्तेन्ता’. तुम्ही घरी आलात असं कळलं आणि मला फार बरं वाटलं. लिहिणारा पुरुष असेल तर शेवटी ‘कोन्तेन्तो’. या वाक्यात आजाराचं नाव नाही, अवयवाचं नाव नाही, बातमी कुणी दिली त्याचंही नाव नाही. तिसरी गोष्ट विशेष सांभाळायची. ‘चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं’ असं लिहिलं की आपली तब्येत जिन्यात चघळली जाते आहे, हे आजाऱ्याला कळतं. शस्त्रक्रियेचा उल्लेख करावाच लागला तर ‘इन्तेर्वेन्तो’ हा शब्द घ्यावा. ‘ओपेरात्स्योने’पेक्षा तो जरा सौम्य आणि आडपडद्याचा वाटतो.

या वाक्यात लिहिताना दोन ठिकाणी हात चुकतो. पहिला शब्द ऐकायला नुसता ‘ओ’ असला तरी त्याच्याआधी न उच्चारलं जाणारं ‘एच’ अक्षर लागतं. ते गाळलं तर त्याचा अर्थ ‘किंवा’ होतो. आणि वाक्यात ‘ए’ दोनदा येतो. पहिला ‘आहे’ या क्रियापदाचा, त्याच्या डोक्यावर डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ हवी. दुसरा ‘आणि’ या अर्थाचा, तो उघड्या डोक्याचा.

पुढे शुभेच्छा. दुकानातल्या छापील कार्डांवर ‘प्रोन्ता ग्वारिजोने’ असतं, म्हणजे लवकर बरे व्हा. त्यात चूक काही नाही, ‘ले औगूरो ऊना प्रोन्ता ग्वारिजोने’ हे वाक्य इटलीत रोज हजार ठिकाणी लिहिलं जातं. तरी मी शेजारणीला ते लिहायला सांगत नाही. शस्त्रक्रिया कशाची होती हे आपल्याला बरेचदा अर्धवट ठाऊक असतं. आपल्याला सांध्याची वाटलेली गोष्ट वेगळीच असू शकते, पुढचे उपचार बाकी असू शकतात, आणि ज्या आजारात ‘लवकर बरं होणं’ हातात नसतं त्या माणसाला तीन शब्दांची ती घाई टोचते. त्याऐवजी ‘ले औगूरो ऊना ब्वोना कोन्वालेशेन्त्सा’. ‘कोन्वालेशेन्त्सा’ म्हणजे दुखण्यानंतर घरी सावरण्याचा काळ. तो काळ सुखाचा जावो, एवढीच इच्छा. आजार कोणताही असला तरी हे वाक्य खोटं पडत नाही. त्याला जोडून ‘स्पेरो के ओन्यी जोर्नो वादा उन पो मेल्यो’, रोज थोडं थोडं बरं वाटत जावो. इथे ‘स्पेरो के’ नंतर क्रियापदाचं इच्छा दाखवणारं रूप ‘वादा’ येतं. साधं ‘वा’ बोलण्यात ऐकू येतं, पण वयस्क, शिकलेल्या बाईंच्या नजरेला ते कागदावर लगेच दिसेल. ‘उन पो’मधल्या ‘पो’च्या पुढे वरचा स्वल्पविराम लागतो, कारण तो मोठ्या शब्दाचा तोडलेला तुकडा आहे. ‘ओ’च्या डोक्यावर रेघ देण्याची चूक इटालियन माणसंही फोनवर सर्रास करतात. आपण करू नये.

शुभेच्छेच्या बाबतीत दोन शब्दप्रयोग टाळायचे. ‘इन बोक्का आल लूपो’ हा इटालियनांचा आवडता प्रयोग, शब्दशः ‘लांडग्याच्या तोंडात’, परीक्षेला किंवा ऑपरेशनला जाणाऱ्याला धीर देण्यासाठी. ऐकणारा ‘क्रेपी’ म्हणतो, म्हणजे लांडगा मरो. पण तो आधी म्हणायचा असतो. घरी परतलेल्या माणसाला तो लिहिला तर पुढे अजून काही संकट आहे असं वाटतं. दुसरा ‘ले स्यामो विचीनी’, आम्ही तुमच्या जवळ आहोत. ‘विचीनी’चा अर्थ शेजारीही होतो, म्हणून शब्दकोश उघडून बसलेल्याला तो फार समर्पक वाटतो. पण इटालियन माणसाने हे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं असतं ते कुणी गेल्यावर, किंवा घरावर मोठा घाला पडल्यावर. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचं वजन फार होतं.

इथपर्यंत चिठ्ठी नीट आणि सभ्य झाली, पण ती अजून कुणालाही पाठवता येईल अशी आहे. कार्लाबाईंची ती होते पुढच्या वाक्याने. ‘ए स्त्रानो नोन इन्कोन्त्रार्ला ला मात्तीना सुल्ले स्काले’. सकाळी जिन्यात तुम्ही भेटत नाही, चुकल्यासारखं वाटतं. ऊब आणायला विशेषणं वाढवावी लागत नाहीत. सगळ्यांना दिसणाऱ्या जागेतली, दोघांच्या रोजच्या पाहण्यातली एक गोष्ट उचलायची: जिना, अंगण, पोस्टाच्या पेट्यांपाशी होणारं बोलणं, त्यांचा कुत्रा. त्यांच्या दारामागची गोष्ट उचलायची नाही. ‘तुमच्या मुलीची गाडी दिसली, ती आली वाटतं’ हे वाक्य आपण प्रेमाने लिहू, पण त्यात खिडकीतून पाहणं आलं. जिरेनियमच्या कुंड्या मात्र जिन्यात आहेत, त्या सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आहेत, त्यांच्याबद्दल खुशाल लिहावं.

त्या कुंड्या मदतीच्या वाक्यातही उपयोगी पडतात. ‘काही लागलं तर सांगा’ हे आपल्याकडे जसं म्हणतात तसंच इटलीतही ‘पेर क्वाल्सियासी कोझा’ म्हणतात, आणि तिथेही ते ऐकून कुणी फोन करत नाही. काय मागावं हे आजाऱ्याने ठरवायचं, आणि मागायचा संकोचही त्यानेच गिळायचा, असं ते वाक्य आहे. त्यापेक्षा एखादं ठराविक काम ठराविक वेळेला सुचवावं. त्यासाठी समोरच्याचं दुखणं जरा डोळ्यांसमोर आणावं लागतं. मांडीच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सुरुवातीचे काही आठवडे कुबड्या घेऊन चालावं लागतं, आणि फार खाली वाकू नका असं अनेकदा सांगितलेलं असतं. म्हणजे दोन्ही हात अडकलेले, वाकायचं नाही, आणि घर दुसऱ्या मजल्यावर. इटलीत पुष्कळ घरांत प्यायला बाटलीतलं पाणी आणतात. दुकानात 1.5 लिटरच्या 6 बाटल्यांचा प्लॅस्टिकने बांधलेला गठ्ठा मिळतो. तो झाला 9 किलोचा. कार्लाबाईंच्या घरी सर्वांत आधी अडणारी गोष्ट बहुधा हीच असेल. दुसरी कचरा, कारण ओला, कागद, प्लॅस्टिक हे वेगवेगळ्या दिवशी खाली न्यावं लागतं. तिसरी जमिनीवरच्या कुंड्यांना पाणी.

यांतल्या दोन निवडू. कचरा मी वगळते, कारण दुसऱ्याच्या कचऱ्यात औषधांची पाकिटं, पट्ट्या सगळं असतं, आणि एवढी ओळख नसताना तो मागणं अवघडल्यासारखं होतं. पाणी आणि कुंड्या चालतील. ‘इल साबातो वादो आल सुपेर्मेर्कातो ए ले पोर्तो वोलेन्त्येरी लाक्क्वा’. शनिवारी मी बाजारात जाते, तुमच्यासाठी पाणी आनंदाने आणेन. ‘वोलेन्त्येरी’ म्हणजे खुशीने. हा एक शब्द असला की उपकाराचा वास जातो. मग ‘ए से व्वोले, आय जेरानी सुल प्यानेरोत्तोलो दो लाक्क्वा ईओ’. आणि चालत असेल तर जिन्यातल्या जिरेनियमना पाणी मी घालते. या दोन्ही मदतींना त्यांच्या घराची किल्ली लागत नाही, त्यांना दारात उभं राहावं लागत नाही, केस विंचरून बसावं लागत नाही. बाटल्या दाराशी ठेवून येता येतं. आणि नको असेल तर ‘मुलगा आणतो’ एवढ्या दोन शब्दांत त्यांना नाही म्हणता येतं. नकाराची वाट इतकी सोपी ठेवली की मग होकारही येतो.

त्यानंतर ‘बास्ता उन मेस्साज्जो’, एक मेसेज पुरे. आणि लगेच ‘मा नोन सी दिस्तूर्बी आ रिस्पोन्देरे’, पण उत्तर द्यायची तसदी घेऊ नका. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. ती तशी नाहीत. पाणी हवं असेल तर कळवा, नुसते आभार मानण्यासाठी उठू नका. सत्तरीच्या इटालियन बाईंना चिठ्ठी मिळाली की उत्तर दिलंच पाहिजे असं वाटणार, आणि त्या कुबड्या घेऊन वर यायला निघतील. त्यांना त्यातून मोकळं करायचं.

निरोपाला ‘सी रिग्वार्दी’, स्वतःला जपा. जुन्या वळणाचा, मायेचा आणि तरीही पूर्ण ‘लेई’तला हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडी सारखा ऐकू येतो. आजीला नातवंडं ‘रिग्वार्दाती’ म्हणतात, ते ‘तू’चं रूप. शेजारणीला ‘सी रिग्वार्दी’च. खाली ‘उन कारो सालूतो’ आणि नाव. ‘कोर्द्याली सालूती’ ऑफिसच्या ईमेलखाली असतं. ‘दिस्तिन्ती सालूती’ तर तक्रारअर्जाखाली. उलट बाजूला ‘उन आब्राच्चो’ म्हणजे मिठी. इटालियन लोक ती सढळ हाताने लिहितात म्हणून आपल्यालाही मोह होतो. पण ज्या बाईंना आपण प्रत्यक्षात कधी मिठी मारलेली नाही त्यांना कागदावर पहिली मिठी ऑपरेशनच्या निमित्ताने मारू नये. ‘बाची’, म्हणजे मुके, घरच्यांसाठी. नावासमोर मजला लिहावा, कारण आपलं मराठी नाव त्यांनी ऐकलेलं असतं, लिहिलेलं पाहिलेलं नसतं. चेहरा आठवायला मजल्याची मदत होते. त्याखाली फोन नंबर.

सगळं एकत्र ठेवलं तर चिठ्ठी अशी दिसते:

कारा सिन्योरा कार्ला,
ओ सापूतो के ए तोर्नाता आ काझा ए ने सोनो मोल्तो कोन्तेन्ता. ले औगूरो ऊना ब्वोना कोन्वालेशेन्त्सा ए स्पेरो के ओन्यी जोर्नो वादा उन पो मेल्यो. ए स्त्रानो नोन इन्कोन्त्रार्ला ला मात्तीना सुल्ले स्काले.
इल साबातो वादो आल सुपेर्मेर्कातो ए ले पोर्तो वोलेन्त्येरी लाक्क्वा. ए से व्वोले, आय जेरानी सुल प्यानेरोत्तोलो दो लाक्क्वा ईओ. बास्ता उन मेस्साज्जो, मा नोन सी दिस्तूर्बी आ रिस्पोन्देरे.
सी रिग्वार्दी.
उन कारो सालूतो,
(नाव), तेर्त्सो प्यानो

यात भरीला काही घालायचा मोह होईल. ‘पोवेरीना’, म्हणजे बिचाऱ्या, हा शब्द इटालियन बायका एकमेकींना म्हणतात, पण ‘लेई’च्या नात्यात तो कीव होऊन बसतो. आपल्या आत्याचं असंच ऑपरेशन झालं होतं ही हकिगतही नको, ती बरी झाली असली तरी. आणि ‘आता आपण तू म्हणू या’, म्हणजे ‘दियामोची देल तू’, हा प्रस्ताव तर या चिठ्ठीत मुळीच नको. तो मांडायचा मान वयाने मोठ्या माणसाचा असतो. कार्लाबाईंना वाटलं तर त्या एक दिवस स्वतःच म्हणतील.

चिठ्ठी पाकिटात घालावी. जुन्या इमारतींत पोस्टाच्या पेट्या खालच्या प्रवेशाच्या बोळात एका रांगेत असतात, उघडं कार्ड येणारा-जाणारा वाचू शकतो. पण कुबड्यांवरच्या माणसाला खालची पेटी उघडायला दोन मजले उतरावे लागतील, म्हणून या प्रसंगी पाकीट दाराखालून सरकवणं जास्त शहाणपणाचं. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी चालतं, मजकूर हाच. फक्त तो इमारतीच्या ग्रुपवर टाकू नये. पुष्कळ इमारतींचे असे ग्रुप असतात, आणि चांगल्या मनाने तिथे लिहिलेल्या एका ओळीने कार्लाबाईंचं ऑपरेशन सगळ्या जिन्याला कळतं. कोणाला सांगायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. चिठ्ठीबरोबर फुलं ठेवणार असाल तर शेवंती नको. इटलीत शेवंती 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवशी कबरींवर वाहतात, आणि आजाऱ्याच्या दारात ती दिसली तर घरातलं माणूस दचकतं.

उत्तर आलं तर बहुधा ‘ग्रात्सिये देल पेन्स्येरो’ असं येईल, आठवण ठेवलीत, आभार. त्यावर लांब संवाद सुरू करायचा नाही. पाणी आणायला सांगितलं तर शनिवारी आणायचं, पैसे दिले तर पावतीप्रमाणे घ्यायचे. पैसे नको म्हणत राहिलं तर पुढच्या शनिवारी त्या पाणी मागणार नाहीत. उत्तर आलंच नाही तर दुसरी चिठ्ठी पाठवायची नाही, तब्येतीची चौकशी करायला बेलही वाजवायची नाही. दोन-तीन आठवड्यांनी त्या जिन्यात दिसतील, एका हाताने कठडा धरून एक एक पायरी उतरत. तेव्हा ‘कोमे वा, सिन्योरा कार्ला?’ एवढंच विचारायचं आणि बाजूला सरून त्यांना कठड्याची बाजू द्यायची.